नऊ पानांचे पत्र आणि पाच वाक्यांचे उत्तर

एखादा लेख वाचून वाचकाचे मन भरून येते, तो आठ-नऊ पानांचे पत्र लिहितो, त्यात लेखाबद्दल थोडे आणि स्वतःबद्दल पुष्कळ असते, आणि लेखकाकडून त्याला चार-पाच वाक्यांचे उत्तर येते. हा त्या नऊ पानांचा अनादर नव्हे काय, असा प्रश्न वाचकांना पडतो आणि पहिल्यांदाच असे पत्र हाती पडलेल्या लेखकालाही पडतो. पुष्कळ लेखक या संकोचापोटीच उत्तर लांबणीवर टाकतात. सवडीने सविस्तर लिहू म्हणून पत्र बाजूला ठेवले जाते, ती सवड मिळत नाही, आणि वाचकाच्या पदरी शेवटी काहीच पडत नाही. पत्राची लांबी आणि उत्तराची लांबी यांचा खरोखर संबंध आहे काय, हे पाहण्यासाठी आधी असे पत्र काय मागते ते समजून घ्यावे लागते.

१. पत्राचे मागणे

लांब भावनिक पत्राचे निम्मे काम ते लिहिले जात असतानाच झालेले असते. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासह १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक घटनेविषयी लिहायला सांगण्यात आले होते. लिहिताना त्यांना त्रास झाला, मात्र पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. या प्रकारच्या लेखनाचा परिणाम सर्वत्र सारखाच दिसतो असे नाही आणि तो बहुधा माफकच असतो, तरीही त्यातून एवढे लक्षात येते की विस्कळीत आठवणींना क्रम लावण्याचे काम लिहिणाराच करतो आणि त्याचा लाभही त्यालाच होतो. नऊ पाने ही त्या कामाची जागा असते. त्यांची परतफेड नऊ पानांनी करावी, अशी अपेक्षा पत्रात क्वचितच असते.

मग पत्र पाठवायचे तरी कशाला, वहीत लिहून का ठेवू नये? याचे उत्तर संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांच्या कामात सापडते. लोक एकमेकांना आपल्या अडचणी कशा सांगतात याचे त्यांनी ध्वनिमुद्रणांच्या आधारे बारकाईने निरीक्षण केले आणि दोन प्रसंग वेगळे केले. एकात माणूस उपाय मागायला येतो, जसा नळ बिघडल्यावर प्लंबरकडे जातो, तर दुसऱ्यात तो केवळ दुःख सांगायला येतो आणि समोरच्याने ते ऐकून घ्यावे एवढीच त्याची अपेक्षा असते. दुसऱ्या प्रसंगी ऐकणाऱ्याने सल्ला दिला की सांगणारा तो बहुधा झटकून टाकतो, सल्ला योग्य असला तरीही, कारण सल्ला येताच त्याचे ‘सांगणारा’ हे स्थान जाते आणि त्याला ‘सुधारणेची गरज असलेला’ हे स्थान मिळते. वाचकाचे पत्र जवळजवळ नेहमी या दुसऱ्या जातीचे असते, आणि पत्राच्या शेवटी ‘उत्तर नाही दिलेत तरी चालेल’ असे लिहिलेले असेल तर ते निश्चितच त्या जातीचे असते.

२. एका बाजूची ओळख

पत्र लिहिणारा वाचक लेखकाला ओळखत असतो, लेखक मात्र त्याला ओळखत नसतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील निवेदकांच्या संदर्भात अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले, आणि ते लेखकालाही लागू पडते. वर्षानुवर्षे एखाद्याचे लेखन वाचणाऱ्याला त्याची आई, त्याचे गाव, त्याच्या खोड्या ठाऊक झालेल्या असतात, त्यामुळे पत्राची सुरुवातच मध्यावरून होते, जणू बोलणे आधीपासून चालू होते. उत्तराने ही ओळख नाकारता कामा नये आणि खोटी फुगवताही कामा नये. ‘आपली जुनीच ओळख आहे’ असे लेखकाने लिहिणे असत्य असते आणि त्यातून पुढे अपेक्षाभंग संभवतो.

मराठी पत्रलेखनात हे अंतर मायन्यातच, म्हणजे सुरुवातीच्या संबोधनातच, ठरते. अपरिचित वयस्कर बाईंना ‘सौ.’ लिहिणे म्हणजे त्यांच्याविषयी ठाऊक नसलेली गोष्ट गृहीत धरणे होय, आणि पत्र वैधव्याविषयी असेल तर ते क्रौर्यही ठरते. ‘तीर्थरूप’ नात्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी राखलेले असते, ‘महोदया’ला कचेरीचा वास येतो. ‘सप्रेम नमस्कार’ बहुतेक ठिकाणी निभावून नेतो. शेवटाचेही तसेच आहे. ‘लोभ असावा’ पुरेसे असते, ‘लोभ आहेच, तो वाढावा’ हे मात्र पुढच्या पत्राचे निमंत्रण असते आणि ते निभावण्याची तयारी असेल तरच लिहावे.

३. ऊब कोठून येते

हॅरी राइस आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली जवळिकीविषयी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कोणीतरी आपल्याला प्रतिसाद दिला असे माणसाला वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: आपले म्हणणे समोरच्याला नेमके कळले, ते त्याला गैर किंवा क्षुल्लक वाटले नाही, आणि त्याला आपली आस्था आहे. या तीन गोष्टींचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण कळल्याचा पुरावा नसेल तर उरलेल्या दोन पोकळ ठरतात. ‘आपले पत्र वाचून खूप भरून आले’ या वाक्यात आस्था आहे, पण ते पत्र न उघडताही लिहिता येते, आणि ही गोष्ट वाचकाच्या ताबडतोब लक्षात येते.

कळल्याचा पुरावा शब्दसंख्येने मिळत नाही, तो तपशिलाने मिळतो. पत्रातील एकच गोष्ट, वाचकाने वापरलेल्याच शब्दात, अचूक परत सांगितली की उत्तराचे मुख्य काम होते. मराठी घरांतील समाचाराला जाण्याच्या रीतीत हेच दिसते: जाणारा थोडा वेळ बसतो, गेलेल्या माणसाची एखादी नेमकी आठवण सांगतो, चहासाठी रेंगाळत नाही आणि ‘येतो’ न म्हणता उठतो, तो किती वेळ बसला याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

४. एक पत्र, तीन उत्तरे

हे सर्व एका रचलेल्या उदाहरणावर तपासून पाहणे सोयीचे ठरेल. आईच्या हिशेबाच्या वहीविषयी एका लेखकाचा लेख दिवाळी अंकात आला आणि त्यावर एका निवृत्त शिक्षिकेचे नऊ पानांचे पत्र आले, असे समजू. पहिल्या दोन पानांत लेखाची स्तुती आहे. तिसऱ्या पानापासून शिक्षिकेची आई येते: ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाची नोंद पेन्सिलीने ठेवत असे, दूध आले की बारीक रेघ आणि न आले की ‘खाडा’. मग घराच्या वाटणीवरून भावाशी झालेल्या वितुष्टाची चार पाने आहेत. आठव्या पानावर, ‘तसे यात विशेष काही नाही’ असे म्हणून, शिक्षिका सांगते की आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला त्या दिवशी ती परीक्षेच्या कामावर होती, ते टाकून निघाली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्या महिन्याच्या कॅलेंडरवर सतरा तारखेपर्यंत खुणा आहेत आणि पुढच्या चौकटी कोऱ्या आहेत, ‘खाडा’सुद्धा नाही. ते पान तिने कपाटात गुंडाळून ठेवले आहे.

पहिले उत्तर साधारणपणे असे सुचते:

‘आपले पत्र वाचून डोळे पाणावले. आपल्यासारख्या वाचकांमुळेच लिहिण्याचे बळ मिळते. काळ हेच दुःखावरचे औषध आहे. मनाला लावून घेऊ नका. आईचे आशीर्वाद आपल्या पाठीशी आहेतच.’

यातील एकही वाक्य दुष्टपणाचे नाही, पण एकही वाक्य या शिक्षिकेसाठी लिहिलेले नाही. दुसऱ्या वाक्यात विषय लेखकाच्या बळाकडे वळतो. ‘मनाला लावून घेऊ नका’ हा सल्ला आहे, आणि जी गोष्ट तिने आठव्या पानापर्यंत रोखून धरली ती तिने लावून घ्यायलाच नको होती, असा त्याचा अर्थ होतो. शेवटच्या वाक्यात तर लेखक मृत आईच्या वतीने बोलतो, आणि आईने आपल्याला माफ केले असेल का हाच शिक्षिकेचा न विचारलेला प्रश्न असल्यामुळे, न भेटलेल्या माणसाने त्याचे परस्पर दिलेले उत्तर तिला पटणार नाही.

हे उत्तर फार कोरडे वाटले तर लेखक दुसऱ्या टोकाला जातो. तो दीड पान लिहितो, त्यात स्वतःच्या आईच्या अखेरच्या दिवसांची हकीकत येते, आपणही कसे वेळेवर पोचलो नाही ते येते, आणि भावाशी एकदा समोरासमोर बसून बोलण्याची सूचना येते. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली अशा प्रतिसादांची दोन गटांत विभागणी केली: बोलणाऱ्याच्या विषयावर थांबणारे आणि विषय स्वतःकडे खेचणारे. दुसऱ्या गटातील प्रतिसाद देणाऱ्याला आपण समदुःख व्यक्त करतो आहोत असेच प्रामाणिकपणे वाटत असते, म्हणूनच ही चूक ओळखणे अवघड जाते. ती ओळखण्याची सोपी खूण अशी की उत्तर वाचून झाल्यावर आता वाचकानेच लेखकाचे सांत्वन करायला हवे, असे वाटू लागते. भावाविषयीची सूचना आणखी धोक्याची असते, कारण वितुष्टाची एकच बाजू पत्रात आलेली असते आणि लेखकाचे पत्र हे पुढे त्याच भांडणात पुरावा म्हणून दाखवले जाऊ शकते.

तिसरे उत्तर असे होऊ शकते:

‘सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले आणि एका बैठकीत वाचून काढले. सतरा तारखेपर्यंतच्या पेन्सिलीच्या खुणा आणि त्यापुढे “खाडा”सुद्धा नाही, या ओळीशी बराच वेळ थांबलो. परीक्षेचे काम टाकून निघता आले नाही ही टोचणी इतक्या वर्षांनी जशीच्या तशी कागदावर उतरवणे सोपे नव्हते, आणि ती आपण विश्वासाने कळवलीत याबद्दल आभारी आहे. त्या कॅलेंडरचे पान वाचताना माझ्या लेखातील वही मलाच नव्याने दिसली. या पत्राला उत्तर पाठवायलाच हवे असे नाही. लोभ असावा.’

नमस्कार आणि समारोप वगळता ही पाच वाक्ये आहेत. ‘सतरा तारीख’ आणि ‘खाडा’ हे दोन तपशील पत्र शेवटपर्यंत वाचल्याची साक्ष देतात, ‘कॅलेंडरची हृदयस्पर्शी आठवण’ असे म्हटले असते तर ती साक्ष पुसली गेली असती. टोचणीचे नाव घेतले आहे, पण तिच्यावर निवाडा दिलेला नाही. ‘तुमचा काहीच दोष नव्हता’ हे वाक्य लिहिण्याचा मोह येथे सर्वांत मोठा असतो, पण लेखकाला त्या दिवसाची काहीच माहिती नसल्यामुळे ते वाक्य स्वस्त ठरते, आणि शिक्षिकेने इतकी वर्षे जो प्रश्न वागवला तो एका फटकाऱ्यात निकालात काढल्यासारखे होते. चौथ्या वाक्यात लेखक स्वतःविषयी बोलतो, पण वाचकाच्या पत्राने आपल्याला काय दिले एवढेच सांगून थांबतो, त्यामुळे विषय तिच्या हातून सुटत नाही. भावाचा उल्लेख नाही. चार पाने ज्याला दिली तो विषय उत्तरात पूर्णपणे गाळणे विचित्र वाटेल, पण त्या चार पानांत राग आहे आणि आठव्या पानावर दुःख आहे, आणि पाच वाक्यांत एकालाच जागा मिळते.

ती जागा कोणाला द्यायची, म्हणजे पत्राचा गाभा कोणता, हे शोधण्यासाठी पत्र दोनदा वाचावे लागते. पहिल्या वाचनात काहीच करायचे नसते. दुसऱ्या वाचनात आकडा, तारीख, वस्तू किंवा घरातील खास शब्द जेथे येतो तेथे खूण करायची असते. गाभा सहसा सुरुवातीला नसतो, शेवटच्या एक-तृतीयांश भागात असतो, आणि पुष्कळदा ‘तसे विशेष नाही’, ‘जाता जाता सांगते’ अशा शब्दांच्या आडोशाला असतो. जेथे सर्वांत अधिक शाई खर्च झाली आहे तेथे तो असेलच असे नाही.

एक व्यावहारिक बाबही येथेच नोंदवायला हवी. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्यात सुरू झाले आणि लेखकांच्या छोट्या उत्तरांना त्याचा आकार फार सोयीचा पडला, कारण अर्धी बाजू पत्त्यात गेल्यावर उरलेल्या जागेत पाल्हाळ शक्यच नसतो. पण पोस्टकार्ड उघडे असते. ते पोस्टमन वाचू शकतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातली माणसे वाचतात. वरचे तिसरे उत्तर पोस्टकार्डावर गेले तर ‘टोचणी’ घरभर होईल. म्हणून पत्राची नुसती पोच द्यायची असेल तर कार्ड चालते, पण पत्रात खासगी काही असेल तर तेवढीच पाच वाक्ये बंद पाकिटातून गेली पाहिजेत.

५. थोडक्या शब्दांची ताकद किती

छोटे पत्र माणसाला खरोखर आधार देऊ शकते काय, याचा सर्वांत कडक तपास साहित्याच्या नव्हे तर मनोरुग्णसेवेच्या क्षेत्रात झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत मिळून २४ छोटी पत्रे गेली: पहिले चार महिने दरमहा, पुढचे आठ महिने दोन महिन्यांनी एकदा आणि नंतरची चार वर्षे तीन महिन्यांनी एकदा. दुसऱ्या गटाला काहीच गेले नाही. पत्रांत आपली आठवण आहे, बरे चालले असेल अशी आशा आहे आणि वाटल्यास दोन ओळी लिहाव्यात, एवढेच असे. उपचारांची आठवण, प्रश्नावली, सूचना यांपैकी काहीही नसे. कोणी उत्तर लिहिलेच तर त्याला त्याच्या मजकुराला धरून उत्तर जाई. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी राहिले, पुढे हा फरक हळूहळू ओसरला.

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे ग्रेगरी कार्टर आणि सहकाऱ्यांनी विषप्राशनानंतर वाचलेल्या ७७२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभरात आठ पोस्टकार्डे पाठवली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुन्हा तसे कृत्य करणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण विशेष घटले नाही, मात्र अशा घटनांची एकूण संख्या सुमारे निम्म्यावर आली. या दोन प्रयोगांवरून लेखकाच्या पत्राविषयी थेट काही सिद्ध होत नाही, कारण तेथे पाठवणारी संस्था रुग्णाला माहीत होती आणि पत्रे पुन्हा पुन्हा जात होती. पण ज्या पत्रात वाचणाऱ्याकडून काहीही मागितलेले नसते ते थोडक्यात असूनही पोचते, एवढे मानायला त्यांचा आधार पुरतो, आणि तिसऱ्या उत्तरातील ‘उत्तर पाठवायलाच हवे असे नाही’ या वाक्याचे कारणही हेच आहे.

६. पाच वाक्ये पुरत नाहीत तेव्हा

काही पत्रांत गतकाळाची टोचणी नसते, पुढे जगायचे कशासाठी हा विचार असतो. वस्तूंची निरवानिरव, ‘आता फार दिवस त्रास देणार नाही’ असे वाक्य, किंवा ‘हे शेवटचे पत्र’ अशी भाषा दिसली तर संयमित, सूचक उत्तराचा मार्ग सोडावा लागतो. अशा वेळी लेखकाने स्पष्ट शब्दांत विचारावे की आपल्या मनात जीव देण्याचा विचार आहे काय. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. त्याच उत्तरात केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ही सेवा २०२२ साली सुरू झाली असून तेथे मराठीतही बोलता येते. पत्रावर दूरध्वनी क्रमांक असेल तर टपालाची वाट न पाहता फोन करावा. येथे सल्ला न देण्याचा नियम लागू होत नाही आणि गुप्ततेचाही नाही.

७. दुसरे पत्र

नेमक्या उत्तरानंतर दुसरे पत्र येण्याची शक्यता वाढते, कारण वाचकाला ऐकणारा सापडलेला असतो. ते पत्र बहुधा पहिल्यापेक्षा लहान असते, कधी कधी मात्र अधिक लांब असते आणि त्यात पहिल्या वेळी गाळलेले सर्व येते. अनेक लेखक येथे अचानक गप्प बसतात, आणि पहिल्या उत्तराच्या उबेमुळेच ती शांतता अधिक लागते. पत्रव्यवहार चालू ठेवणे शक्य नसेल तर दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा लहान, दोन-तीन वाक्यांचे असावे, त्यात पुन्हा एक तपशील अचूक उचललेला असावा आणि नियमित लिहिणे जमणार नाही हे कारणांची यादी न देता सांगितलेले असावे. शिक्षिकेने दुसऱ्या पत्रात ते कॅलेंडरचे पान भावाला दाखवल्याचे कळवले असेल, तर लेखकाने पान दाखवल्याचा उल्लेख करावा, भावाचे म्हणणे काय पडले ते विचारू नये, आणि आलेली पत्रे आपण वाचतो, पण प्रत्येकाला उत्तर देता येत नाही, एवढे लिहून सही करावी.